तुटलेल्या सुताचा पोवाडा

क्षणभर डोळे मिटा आणि मालेगावची रात्र ऐका. मोसम नदीच्या काठच्या एखाद्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग चालले आहेत. खटखट इतकी अखंड आहे की थोड्या वेळाने ती ऐकूच येईनाशी होते. एक माणूस मागांच्या ओळीतून येरझारा घालतो आहे. अशातच ताण्याचे एक सूत तुटते.

एवढीच घटना. ती मनात जरा वेळ ठेवा. बाण्याचे सूत संपले किंवा तुटले, तर साधा मागही सहसा आपोआप थांबतो. ताण्याचे तुटले, तर साधा जुना माग थांबत नाही, विणतच राहतो आणि कापडात उभी रेघ पडत जाते. ती माणसाच्या नजरेलाच दिसावी लागते. मग तो माग थांबवतो, हजारो सुतांतून तुटलेले टोक शोधतो, सुताचा तुकडा जोडून बारीक गाठ मारतो, ते तारेच्या डोळ्यातून ओवतो, फणीच्या त्याच फटीतून बाहेर काढतो आणि माग पुन्हा सुरू करतो. सरावाच्या हाताला यासाठी फार वेळ लागत नाही.

आता हीच घटना शाहिराच्या हाती द्या. डफावर थाप पडली आहे, नमन झाले आहे.

*रात्रीचा दुसरा प्रहर सरला, धोटा धावे वाऱ्यावाणी।*
*एक सूत तुटले ताण्याचे, हादरली सारी छावणी।।*
*धावला वीर तो एकला, चिमटीत धरिले टोक।*
*गाठ मारुनी फणीत ओविले, विस्मित झाले तिन्ही लोक।।*

हसू आले असेल तर येऊ द्या. पण ते कोणत्या शब्दाला आले, ते सावकाश पाहा. ‘छावणी’ला आले, ‘तिन्ही लोक’ला तर नक्कीच. ‘एकला’ला आले का? ‘चिमटीत धरिले टोक’ला? मला तिथे येत नाही. ते शब्द वीररसाचे म्हणून आणले होते, पण त्या माणसाच्या अंगाला ते बरोबर बसले. वीरकाव्याचा अंगरखा क्षुल्लक घटनेवर चढवल्यावर तो जिथे सैल पडतो तिथे आपण हसतो. मला मोलाची वाटते ती तो घट्ट बसलेली जागा, कारण ती आधी कुणी पाहिलेली नसते.

इथे थोडे थांबू. इंग्रज कवी अलेक्झांडर पोप याने 1712 मध्ये, आणि वाढवून 1714 मध्ये, एका तरुणीच्या कापलेल्या बटेवर असेच काव्य रचले. घटना खरी होती. एका उमरावाने ती बट कापली आणि दोन घराण्यांत तेढ आली. पोपने पत्त्यांच्या डावाला रणांगण केले आणि शृंगाराच्या मेजावर पावडरीच्या शेजारी बायबल मांडले. तिथे फुगवटा कवीने आणलेला नव्हता. त्या माणसांनी आपल्या रुसव्याला आधीच युद्ध मानले होते, कवीने फक्त त्यांचेच माप त्यांना लावले.

आपल्या सुताच्या पोवाड्यात मात्र माणसाने स्वतःला वीर म्हटलेलेच नाही. म्हणून इथे हसू त्याच्यावर पडले, तर रचना फसली. ओळखायची खूण सोपी आहे. ‘वीर’ काढून ‘मजूर’ घाला. हसू गेले आणि काहीच उरले नाही, तर कवी फक्त माणसाच्या लहानपणावर हसत होता. ‘मजूर’ घालूनही ओळ उभी राहिली, तर विसंगतीने माणसाला नव्हे, वीरकाव्याला उघडे पाडले. तलवार धरणाऱ्यासाठी शेकडो शब्द जमवलेल्या त्या भाषेकडे चिमटीत सूत धरणाऱ्यासाठी एकही नव्हता.

मालेगावने हे पडद्यावर करून दाखवले आहे. नासिर शेख यांच्या ‘मालेगाव का सुपरमॅन’मध्ये नायक होते शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारे, अंगकाठीने अगदी किरकोळ. सुपरमॅनचा पोशाख त्यांच्या अंगावर पाहा. आधी सैलपणा दिसेल. मग बघत राहा, आणि आकाशात उडणाऱ्या त्या पोशाखाखाली मागावर उभे राहणारे शरीर दिसू लागेल. 2011 मध्ये ते कर्करोगाने गेले. हे कळल्यानंतर मला त्या दृश्यात आधीसारखे हसता येत नाही, आणि तरी ते दृश्य पूर्वीपेक्षा जास्त प्रिय वाटते.

पुन्हा शेडमध्ये या. आपला पोवाडा अपुरा आहे. शेवटच्या कडव्यात शाहीर आपले नाव गुंफतो आणि त्याआधी वीराचे नाव गर्जून झालेले असते. आपण अजून ते घेतलेले नाही. सकाळी कोरे कापड गुंडाळून टेम्पोत चढेल. त्या गाठीवरून बोट फिरवले तर एक बारीक दाणा लागेल, नाव लागणार नाही. ते कडवे तसेच मोकळे ठेवा आणि ऐका. माग सुरू झाला आहे.