चक्र दिसले म्हणून भाषा अनंत होत नाही

न्हावा शेवाच्या गेटवर कंटेनरचा क्रमांक तपासण्यासाठी काढलेली ऑटोमॅटनची आकृती पाहून परवा एकाने शेरा मारला, 'यात चक्र आहे, म्हणजे हे यंत्र अनंत क्रमांक स्वीकारणार.' हा शेरा वर्गातही सर्रास ऐकू येतो. तो चूक आहे, आणि चुकीचे मूळ १९५९ सालच्या एका प्रमेयाच्या अर्धवट वाचनात आहे.

१९५९ मध्ये राबिन आणि स्कॉट यांनी दाखवले की n अवस्थांच्या यंत्राची भाषा अनंत असते, ती n किंवा अधिक पण 2n पेक्षा कमी लांबीचा एखादा शब्द स्वीकारला जात असेल तरच. कारण सोपे आहे. इतका लांब शब्द वाचताना एखादी अवस्था पुन्हा येतेच आणि तो फेरा हवा तितक्यांदा घालता येतो. उलट, भाषा अनंत असेल तर कोणत्याही लांब शब्दातले फेरे एकेक करून काढता येतात. एक फेरा n पेक्षा मोठा नसल्याने लांबी या पट्ट्यात येतेच.

पाठ्यपुस्तकांनी यातून घेतली ती फक्त लांबी; फेरा स्वीकारलेल्या शब्दाच्या वाटेवर हवा, ही अट मागे पडली. प्रमेयाने सिद्ध केले ते एवढेच, की उत्तर ठरवता येते. पण शब्द तपासत बसणे ही काही त्याची रीत नव्हे.

CSQU3054383 हा क्रमांक घ्या: चार अक्षरे, सहा अंक आणि शेवटी तपासणी अंक. अक्षरांना ठरावीक किमती देऊन, स्थानागणिक दुप्पट होणाऱ्या भारांनी गुणून बेरीज केली की ६१८५ येते, तिला ११ ने भागल्यावर बाकी ३ उरते. तोच शेवटचा अंक. यंत्राला प्रत्येक स्थानी फक्त बाकी लक्षात ठेवायची असल्याने १११ अवस्था पुरतात. चुकीचे अक्षर आले की ११२ वी, मृत अवस्था. तिथून सुटका नाही, प्रत्येक अक्षर तिथेच परत आणते. शेऱ्यातले चक्र ते हेच.

राबिन-स्कॉटच्या पट्ट्यातले शब्द एकेक तपासायचे, तर ३६ चिन्हांच्या वर्णमालेत फक्त ११२ लांबीच्याच शब्दांची संख्या १७५ अंकी आहे. त्याऐवजी आरंभापासून पुढे चालत पोहोचता येणाऱ्या अवस्थांवर खूण करा, मग अंतिम अवस्थेपासून बाण उलटे धरून मागे या. दोन्ही खुणा असलेल्या अवस्था तेवढ्या ठेवा. मृत अवस्था गळते आणि तिच्याबरोबर चक्रही. उरलेल्या भागात चक्र शोधायला एक खोलवर शोध पुरतो, साडेचार हजारांहून कमी बाणांचे काम. टार्जनने १९७२ मध्ये चक्रांचे गट एकाच फेरीत वेगळे करून दाखवले. पण माझ्या मते खरी कल्पना त्या दोन खुणांची आहे, वेगाची नव्हे.

आता कुणी 'अक्षरे आणि अंकांच्या मध्ये कितीही मोकळ्या जागा चालतील' असे ठरवले, तर चौथ्या अक्षरानंतरच्या अवस्थांवर फेरे येतात. त्या उपयुक्त आहेत, म्हणून भाषा खरोखर अनंत होते आणि इनपुटच्या लांबीला मर्यादा उरत नाही. मात्र यंत्रात रिक्त संक्रमणे असतील, तर निव्वळ त्यांचेच चक्र मोजू नका. किमान एक चिन्ह वाचणारा फेराच शब्द वाढवतो.