पाटीवरचे नाव आणि नोंदणीतले नाव

राहात्याहून शिर्डीकडे निघालो की रस्त्याच्या दोन्ही अंगांना साईंच्या नावाची दुकाने संपता संपत नाहीत. लॉज, हारफुले, पेढे, मोबाइल दुरुस्ती, पंक्चर, सगळ्यांच्या पाटीवर तेच नाव. तरीही गिऱ्हाईक चुकत नाही, कारण त्याला पाटीची गरजच नसते. स्टँडसमोरचे, पिंपळाखालचे, अमक्याच्या मुलाचे, एवढ्या खुणेवर ते बरोबर दारात येते. गावात दुकानाची ओळख जागेने होते. नावाने श्रद्धा सांगितली जाते आणि तेवढे पुरते.

हेच दुकान ऑनलाइन गेले की जागा नाहीशी होते. अहिल्यानगर जिल्ह्यातला विक्रेता, सुरतेचा विक्रेता आणि नोएडाची कंपनी एकाच शोधपानावर एकाखाली एक येतात. त्यांना वेगळे करायला फक्त नाव उरते. म्हणून माझे म्हणणे असे की ऑनलाइन दुकानाचे नाव आवडीने ठरवण्याची गोष्ट राहिलेली नाही. ते आपल्या मालकीचे होऊ शकेल का, हा पहिला प्रश्न हवा. आणि आपल्या मातीतून सर्वांत सहज सुचणारी नावेच, म्हणजे देव, गाव आणि आडनाव, या प्रश्नापुढे सर्वांत कच्ची ठरतात.

जुन्या काळी कायदा जागेचा आधार घेऊ शकत होता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांचा वाद आला. न्यायालयाने दोन्ही नावे जवळची मानली, कारण साधा ग्राहक अक्षरे फोडून तुलना करत नाही. तो अंधूक आठवणीवर आणि एकूण उच्चारावर माल उचलतो. पण लक्ष्मणधाराचा मालक आपण १९२३पासून विकत असल्याचे सांगत होता आणि समोरच्याने इतकी वर्षे ते चालू दिले होते. म्हणून नोंदणी मिळाली, मात्र उत्तर प्रदेशापुरती. नकाशावर रेघ ओढून दोघांना जगू दिले गेले. आज देशभर कुठेही पार्सल जाते, तेव्हा अशी रेघ ओढून उपयोग नाही. उच्चाराची कसोटी मात्र जशीच्या तशी आहे.

आता सहज सुचणाऱ्या नावांकडे पाहू. ट्रेडमार्क कायदा, १९९९ याचे कलम ९ सांगते की मालाचा प्रकार, गुण किंवा उगमस्थान दाखवणारा शब्द एकट्याच्या मालकीचा होत नाही, तो वापराने त्या विक्रेत्याची ओळख बनला असल्याचे सिद्ध झाल्याशिवाय. म्हणजे ‘शिर्डी धूप’ हे नाव नाही, ते मालाचे वर्णन आहे. ‘अहमदनगर’ किंवा २०२४ पासून अधिकृत झालेले ‘अहिल्यानगर’ हेही कोणाच्या खिशात घालता येणार नाही. देवाधर्माच्या नावाचे तसेच. ‘रामायण’ हे नाव अगरबत्तीसाठी एका व्यापाऱ्याला हवे होते. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धर्मग्रंथाच्या नावावर कोणी एकटा हक्क सांगू शकत नाही. त्याला दुसरा शब्द जोडून वेगळी ओळख झाली तर गोष्ट निराळी. याची दुसरी बाजू लोक विसरतात. जे नाव तुमचे होत नाही, ते शेजाऱ्यालाही वापरता येते आणि तुम्हाला त्याला अडवता येत नाही. चार वर्षे खपून जमवलेली पत कोणीही फुकट वापरू शकतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. समजा राहाता तालुक्यातली एक ताई देवळातल्या निर्माल्याच्या फुलांपासून धूपकांड्या बनवते आणि त्या ऑनलाइन विकायच्या ठरवते. तिच्यापुढे तीन नावे आहेत : ‘साईसुगंध’, ‘शिर्डी धूप’ आणि ‘कवडसा’. दुसरे नाव वर सांगितल्याप्रमाणे गळते. उरलेल्या दोघांची परीक्षा ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावरच्या सार्वजनिक शोधात होते आणि ती विनाशुल्क आहे.

तिथे आधी वर्ग विचारला जातो. मालाचे ३४ आणि सेवांचे ११ असे ४५ वर्ग आहेत. अगरबत्ती आणि धूप वर्ग ३ मध्ये येतात. ती पुढे इतरांचाही माल आपल्या दुकानातून विकणार असेल तर किरकोळ विक्रीसाठी वर्ग ३५ही पाहावा लागेल. मग Wordmark मध्ये शब्द टाकून Contains निवडायचे. ‘साई’साठी SAI टाकले की वर्ग ३ मध्ये नोंदींची रांग लागते. त्यात तिचे नाव कोणाशी ना कोणाशी घासणारच. शिवाय ‘सुगंध’ हा धुपाचा गुण आहे, तोही तिच्या मदतीला येत नाही.

‘कवडसा’ हा शब्द धुपाविषयी काहीच सांगत नाही आणि म्हणूनच कायद्याच्या नजरेत तो भक्कम आहे. पण एकदा KAVADSA टाकून काही दिसले नाही म्हणून निर्धास्त होणे ही नेहमीची चूक. मराठी शब्द रोमनमध्ये लिहिण्याची एक रीत नाही. KAWADSA, KAVDASA, KAVADASA अशी सगळी रूपे तपासायची, नंतर Phonetic हा पर्याय लावून उच्चाराने जवळची नावे पाहायची. ‘कवडी’ किंवा ‘कवच’ नावाचा धूप आधीच असेल तर अंधूक आठवणीच्या गिऱ्हाइकाला फरक कळेल का, हे तिने स्वतःला विचारावे. लक्ष्मणधाराची कसोटी इथे कामी येते.

सापडलेली प्रत्येक नोंद सारख्याच धोक्याची नसते. नोंद उघडली की स्थिती दिसते. Registered असेल तर तिथून दूर राहावे. Objected म्हणजे कार्यालयाने हरकत काढली आहे, पण अर्ज जिवंत आहे. Abandoned म्हणजे अर्ज सोडून दिला आहे. तरीही तो माणूस बाजारात त्या नावाने विकत असू शकतो आणि आधीपासून विकणाऱ्याला नोंदणी नसतानाही संरक्षण मिळते. म्हणून नोंदीतली वापराची तारीख वाचायची, मग तेच नाव विक्रीच्या संकेतस्थळांवर, इन्स्टाग्रामवर आणि डोमेनच्या शोधातही टाकून पाहायचे.

नाव मोकळे दिसले की अर्ज. एकट्या मालकाला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाला ४,५०० रुपये शुल्क आहे. उद्यम नोंदणी असलेल्या लहान संस्थेलाही तेवढेच, मोठ्या कंपनीला ९,०००. विक्री सुरू झाली नसेल तर ‘वापरण्याचा इरादा’ असे लिहायचे. जुनी तारीख टाकण्याचा मोह टाळावा, कारण त्यासाठी प्रतिज्ञापत्र आणि बिले द्यावी लागतात. तपासणीत हरकत आली तर उत्तराला ३० दिवस मिळतात. जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर चार महिने कोणीही विरोध करू शकतो. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे नव्याने करता येते. तोवर नावाशेजारी TM लिहिता येते. ® हे चिन्ह नोंदणीआधी लावणे बेकायदा आहे.

इथवर कायदा झाला. विक्रीच्या संकेतस्थळांचे नियम त्याच्या शेजारून चालतात आणि तिथे तीन नावे वेगळी ठेवावी लागतात : दुकानाचे नाव, ब्रँडच्या रकान्यातले नाव आणि मालाच्या शीर्षकातले शब्द. दुकानाच्या नावाला मंचाची चौकट असते. एट्सीवर ते ४ ते २० अक्षरांचे, मध्ये मोकळी जागा न सोडता द्यावे लागते. ब्रँडच्या रकान्यात पाकिटावर खरोखर छापलेलेच नाव चालते. अॅमेझॉनच्या ब्रँड नोंदवहीसाठी ट्रेडमार्क किंवा त्याचा प्रलंबित अर्ज लागतो आणि मालावर किंवा वेष्टनावर कायम छापलेल्या नावाचा फोटो लागतो. स्टिकर चिकटवून काढलेला फोटो फेटाळला जाऊ शकतो. अर्जातले आणि पाकिटावरचे नाव अक्षरशः जुळावे लागते. म्हणून पाकिटे छापायला टाकण्याआधी अर्ज, हा क्रम पाळावा. नाव नसलेला माल तिथे Generic म्हणून लावायचा असतो. त्या जागी एखाद्या प्रसिद्ध धुपाचे नाव टाकले, किंवा शीर्षकात ‘अमक्यासारखा’ असे लिहिले, की तक्रारीला आमंत्रण मिळते.

तक्रार आली की माल आधी उतरतो आणि चर्चा नंतर होते. तक्रारदाराला न्यायालयात जावे लागत नाही, नोंदणी क्रमांकासह अर्ज भरणे पुरते. दिवाळीच्या तोंडावर हे घडले तर गोदामातला माल तसाच पडून राहतो. अशा वेळी घाबरून नवे खाते उघडणे सर्वांत वाईट, कारण त्याने जुने खातेही कायमचे जाऊ शकते. सूचनेतला क्रमांक घेऊन ट्रेडमार्क नोंदणीच्या सार्वजनिक शोधात पाहावे. ती नोंद पूर्ण आहे की नुसता अर्ज? वर्ग आपलाच आहे का? वापराची तारीख आपल्या पहिल्या बिलाच्या आधीची आहे का? नुसत्या अर्जाच्या जोरावर नोंदणीभंगाचा दावा लावता येत नाही. तक्रार चुकीची असेल तर बिले, पाकिटाचे जुने फोटो आणि स्वतःच्या अर्जाची पावती जोडून उत्तर द्यावे, आणि तक्रारदाराला ती मागे घेण्याची लेखी विनंती करावी. मंच बहुधा त्याच्या माघारीने लवकर हलतो.

आधीचा वापर सिद्ध करणे किती दमवणारे असते, ते पुण्याच्या ‘बर्गर किंग’ने दाखवले. कॅम्पातले हे उपाहारगृह ते नाव १९९२पासून वापरत असल्याचे सांगते. अमेरिकन कंपनीने २०११ मध्ये दावा लावला. २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने तो फेटाळला, त्याच वर्षी उच्च न्यायालयाने नाव वापरण्यास तात्पुरती मनाई केली आणि २०२५ मध्ये वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. एवढी वर्षे वकील लावण्याची ऐपत राहात्याच्या ताईकडे नसणार. तिच्यासाठी हक्काचे भांडण जिंकण्यापेक्षा ते उभेच राहू न देणारे नाव निवडणे शहाणपणाचे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ‘कवडसा’ म्हटल्यावर गिऱ्हाइकाला शिर्डी कशी कळणार? गावाच्या नावामागे पिढ्यांची श्रद्धा आणि भरवसा आहे, तो का सोडायचा? तो सोडायचा नाहीच. तो नावात न घालता वर्णनात घालायचा. उगमस्थान, मालाचा प्रकार आणि स्वतःचे खरे नाव प्रामाणिकपणे सांगण्याचा हक्क कायद्यानेच राखून ठेवला आहे, कलम ३० आणि ३५ मध्ये. पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘कवडसा’ आणि त्याखाली ‘राहाता, जि. अहिल्यानगर येथे निर्माल्याच्या फुलांपासून बनवलेला धूप’ असे लिहिले तर कोणी हरकत घेऊ शकत नाही. शोधात ‘शिर्डी’ टाकणाऱ्याला माल सापडावा यासाठी वर्णनातला खरा मजकूर पुरेसा आहे. पैठणी विकणाऱ्याचेही हेच. पैठणीला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. माल अस्सल असेल तर तसे सांगावे, पण तो शब्द स्वतःच्या नावात ओढून त्यावर मालकी मिरवू नये.

देव आणि गाव सर्वांचे आहेत, म्हणूनच ते एका दुकानाची ओळख होऊ शकत नाहीत. आपल्या जिल्ह्यातले बचत गट, शेतकरी आणि घरगुती उद्योजक ऑनलाइन बाजारात उतरत असताना सल्ला देणाऱ्यांनी लोगोच्या रंगाआधी त्यांना नोंदवहीतला शोध शिकवावा. एक दुपार त्या शोधाला आणि साडेचार हजार रुपये त्या अर्जाला दिले, तर पुढे जमणारी पत ज्याने कष्ट केले त्याच्याच नावावर जमा होते.