माफीनाम्यात न लिहिलेलं

माध्यमिक शाळेच्या कार्यालयातल्या कपाटात माफीनाम्यांची एक फाइल असते. वहीतून फाडलेलं रेघी पान, तिरपं अक्षर, खाली पालकांची सही. ‘माझ्याकडून चूक झाली, यापुढे असे वागणार नाही, वागल्यास शाळा देईल ती शिक्षा मान्य राहील.’ बहुतेक पानांवर हाच मजकूर असतो, कारण तो सांगून लिहून घेतलेला असतो. विद्यार्थ्याने शिक्षकाला नेमकं काय म्हटलं, ते कोणी ऐकलं आणि त्याआधी वर्गात काय चाललं होतं, यातलं काहीही त्या पानावर नसतं. सहा महिन्यांनी तोच मुलगा त्याच बाईंना पुन्हा काही बोलला, तर शाळेच्या हातात फक्त माफी असते. ती कशाबद्दल मागितली होती, हे कुणालाच सांगता येत नाही.

एक प्रसंग धरून चालू. नववीचा वर्ग, जेवणाच्या सुट्टीनंतरचा गणिताचा तास. बाई फळ्याकडे वळल्या की मागच्या बाकांवरून त्यांच्या चालण्याची नक्कल होते आणि वर्ग हसतो. हे दोन आठवडे चाललं आहे. एके दिवशी बाकाखाली मोबाइल दिसतो. बाई तो काढून घेतात आणि वैतागून म्हणतात, ‘घरी कोणी शिकवलंच नाही वाटतं तुला.’ मुलगा उभा राहतो, रस्ता अडवतो आणि म्हणतो, ‘मोबाइल द्या, नाहीतर सुटल्यावर गेटवर बघतो तुम्हाला.’ शेजारचा दुसरा मुलगा हे चित्रित करत असतो.

शिक्षक-खोलीत या घटनेचं वर्णन ‘नववी ब फार उद्धट झाली आहे’ असं होतं. मुख्याध्यापकांच्या दालनात तेच ‘बाईंना वर्ग आवरत नाही’ असं होतं. दोन्हींत घटना हरवते. म्हणून नोंद त्याच दिवशी, शाळा सुटण्यापूर्वी झाली पाहिजे. तिच्यात विशेषणं नकोत, उच्चारलेले शब्द हवेत. ‘उर्मटपणे बोलला’ हा लिहिणाऱ्याचा निष्कर्ष झाला. ‘गेटवर बघतो तुम्हाला’ हे घडलेलं आहे. शिवी दिली असेल तर ती जशीच्या तशी लिहावी. संकोचून ‘अपशब्द वापरले’ असं लिहिलं की पुढे वाचणाऱ्याला ती साधी शिवी होती, जातीवरून होती की बाईंच्या शरीराबद्दल होती, हे कळत नाही. आणि पुढची वाट त्यावरच ठरते. तारीख, तासिका, कोण कुठे उभं होतं, रस्ता किती वेळ अडवला, शेवटी काय झालं, एवढं एका पानात मावतं.

त्याच पानावर बाईंचं ‘घरी कोणी शिकवलंच नाही’ हे वाक्यही आलं पाहिजे. इथे बरेच शिक्षक अडखळतात. आपलंच वाक्य आपल्यावर उलटेल अशी भीती वाटते, आणि ती खोटी नाही. पण ते वाक्य चाळीस मुलांनी ऐकलेलं असतं. पालक आले की मुलगा पहिल्यांदा तेच सांगतो, आणि नोंदीत ते नसेल तर उरलेल्या सगळ्या नोंदीवरचा विश्वास जातो. बाईंच्या त्या वाक्याने धमकीचं समर्थन होत नाही. धमकी कशी उद्भवली, एवढं त्यातून कळतं.

मग पर्यवेक्षकांनी मुलाचं म्हणणं त्याच्या शब्दांत घ्यावं, मजकूर सांगू नये. मागच्या बाकांवरच्या दोन-तीन मुलांचं म्हणणं वेगवेगळं बसवून घ्यावं. एकत्र बसवलं की सगळ्यांची आठवण सारखी होते. हे काम तक्रार करणाऱ्या शिक्षकाने स्वतः करू नये. वर्गात वा व्हरांड्यात कॅमेरा असेल तर त्या दिवशीचं चित्रण लगेच वेगळं काढून ठेवावं. साठवण भरली की यंत्र जुन्यावर नवं चित्रण चढवतं, आणि पालक शाळेत येईपर्यंत पुरावा पुसला गेलेला असतो. मुलाने काढलेला व्हिडिओ समाजमाध्यमावर गेला असेल, तर तो काढून टाकायला लावण्याआधी खात्याचं नाव, दुवा आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा. आपण मात्र तो शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटात फिरवू नये.

आता कारवाई. सर्वांत आधी तोंडात येते ती ‘दाखला हातात देऊ’ ही धमकी. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या 16व्या कलमानुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढताच येत नाही. नववीतही पालकांना न ऐकता, लेखी कारण न देता काढलेला दाखला टिकणं कठीण. जी शिक्षा देता येत नाही तिची धमकी दिली, की मुलं शाळेचं पाणी जोखतात. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर उभं करून माफी मागायला लावणं तर सर्वस्वी चूक. त्याच कायद्याच्या 17व्या कलमाने मारण्याबरोबर मानसिक छळही वर्ज्य केला आहे, आणि अपमानाला अपमानाने उत्तर देऊन बाईंची सुरक्षितता वाढत नाही.

आमच्या प्रसंगात पहिली निकड गेटची आहे. त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस शाळा सुटताना एक ज्येष्ठ शिक्षक गेटवर असावेत, बाईंनी एकटं निघू नये. हे मुख्याध्यापकांनी स्वतः ठरवावं, बाईंनी मागण्याची वाट पाहू नये. गेटबाहेर खरंच कोणी वयस्क मुलं जमली, तर त्याच वेळी पोलिसांना कळवावं. पण पोलिसांत जाताना एक माहीत असावं: बालन्याय कायद्याखालच्या केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांनुसार, अल्पवयीनाने केलेला गुन्हा अतिगंभीर नसेल आणि त्यात प्रौढ सामील नसतील, तर एफआयआर होत नाही. पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल तयार होतो. त्यामुळे ‘पोलिसांत देऊ’ हे भीती घालायला वापरण्यात अर्थ नाही. बाईंच्या शरीराबद्दल बोललं गेलं असेल, तर वाट वेगळी. शाळा हे बाईंचं कामाचं ठिकाण आहे, आणि 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने तिथे येणाऱ्या व्यक्तींपासूनही त्यांना सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी नियोक्त्यावर टाकली आहे. ‘मुलंच आहेत’ म्हणून मुख्याध्यापकांनी बाईंची तक्रार बाजूला सारू नये, अंतर्गत तक्रार समितीकडे न्यावी.

पालकांच्या बैठकीत बाईंना आरोपीसारखं समोर बसवू नये. मुख्याध्यापकांनी नोंद वाचून दाखवावी, दोन्ही वाक्यांसह. मुलाचं ऐकावं. नक्कल दोन आठवडे चालली होती, तेव्हा कोणी दखल का घेतली नाही, हा प्रश्न शाळेने स्वतःलाही तिथेच विचारावा. निर्णय लहान आणि पाळता येण्याजोगा हवा: ठरावीक काळ मुलगा गणिताच्या तासाला पर्यवेक्षकांच्या खोलीत बसून तोच अभ्यास करेल, समुपदेशकाला भेटेल, मग बाईंची तयारी असेल तेव्हा समुपदेशकाच्या उपस्थितीत दोघांचं बोलणं होईल आणि तो वर्गात परतेल. महिन्याने पर्यवेक्षकांनी वर्गात जाऊन पाहावं आणि पाहिलेलं त्याच पानाखाली लिहावं.

यातलं बरंच कदाचित होईलही. अडतं ते पहिल्या पानाशी, कारण ते पान लिहिणाऱ्याला आपलं नुकसान दिसत असतं. वार्षिक गोपनीय अहवालात ‘वर्गनियंत्रण कमी’ असा शेरा येईल, कंत्राट पुढे मिळणार नाही, ही धास्ती विनाअनुदानित शाळेतल्या तासिकेवरच्या शिक्षकाला सर्वांत जास्त असते. नेमकं त्यालाच मुलं सर्वांत आधी हेरतात. म्हणून संस्थाचालकांना एक विनंती आहे. जूनमधल्या पहिल्या बैठकीत असा ठराव करा, की धमकी वा अपमानाची नोंद करणं हे कोणत्याही शिक्षकाच्या मूल्यमापनात उणं धरलं जाणार नाही. तो ठराव शिक्षक-खोलीत लावा, आणि त्याखाली मुख्याध्यापकांची सही असू द्या.