अर्जाआधीची पानं

मेघनाच्या धाकट्या बहिणीचं लग्न सावंतवाडीला 11 एप्रिलला, शनिवारी ठरलं. आदल्या दिवशी हळद. मेघना चाकणच्या एका कारखान्यात अकाउंट्सला होती, आठवड्याची सुट्टी रविवारी. सोमवार 6 पासून सोमवार 13 पर्यंत रजा घ्यायची, असं तिने मनाशी धरलं. 14 तारखेला आंबेडकर जयंतीची सुट्टी होतीच. चहाच्या वेळी तिने साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, "जा की. घरचं कार्य आहे."

मग तिने पानभर अर्ज लिहिला. वडील नाहीत, आईच्याने धावपळ होत नाही, सगळं आपल्यालाच बघायचंय. देण्याआधी स्टोअर्सच्या शिंदेकाकांना दाखवला. काकांची 26 वर्षं याच कारखान्यात गेली होती. त्यांनी अर्ज शांतपणे वाचला आणि घडी घालून परत दिला.

"पोरी, यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. पण रजेची नियमावली वाचलीस का?"

"15 दिवस आधी अर्ज द्यायचा, एवढं माहितीये काका."

"काढ बरं. एकदा वाचू."

नियमावलीत लिहिलं होतं, 'कामाचे 15 दिवस'. 1948च्या कारखाना कायद्यात भरपगारी रजेसाठी 15 दिवस आधी लेखी अर्जाची अट होती, पण तिथे कामाचे दिवस असं म्हटलेलं नव्हतं. कंपनीने स्वतःचा शब्द घातला होता. शिवाय हे दिवस मोजायचे ते अर्ज संगणकावर नोंदल्यापासून. चहावर बोलल्याचा दिवस त्यात धरला जात नाही.

रजेच्या प्रकरणात 'ब्लॅकआउट' हा शब्द कुठेच नव्हता. होती ती एकच ओळ: 'वर्षाच्या सुरुवातीला काढलेल्या परिपत्रकानुसार.' बहुतेकांची गाडी इथेच अडते, कारण ओळ वाचून माणूस पुढे जातो. काका मेघनाला नोटीस बोर्डापाशी घेऊन गेले. जानेवारीतलं परिपत्रक कॅन्टीनच्या दरपत्रकाखाली अर्धं झाकलं गेलं होतं. अकाउंट्स आणि स्टोअर्स, दोघांनाही 25 मार्च ते 7 एप्रिल रजाबंदी. वर्षअखेरीचे हिशेब आणि मालमोजणी.

"म्हणजे माझे पहिले दोनच दिवस त्यात येतात," मेघना म्हणाली.

"आता मंजुरीचा तक्ता बघ."

तीन दिवसांपर्यंतची रजा थेट साहेबांनी द्यायची, त्यापुढची विभागप्रमुखांनी. आणि रजाबंदीतला एक दिवस जरी आला, तरी अख्खा अर्ज प्लँट हेडकडे. 'जा की' म्हणणाऱ्या साहेबांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. एवढी रजा देणं त्यांच्या हातातच नव्हतं. तक्त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक वाक्य होतं: उत्तर आलं नाही, तर रजा मंजूर झाली असं समजू नये.

मेघना कॅलेंडर घेऊन बसली. रजा 8 तारखेपासून, बुधवारपासून घेतली तर रजाबंदी सुटत होती आणि हळदीआधी दोन दिवस हातात राहत होते. राहिला 13चा सोमवार. रजेच्या दोन दिवसांमध्ये आलेला रविवारही रजेत धरायचा, असा नियम होता. सोमवारी कामावर आली तर चार दिवस खर्च होणार होते. सोमवार घेतला तर सहा. तिने सोमवार सोडला.

मग ती 7 एप्रिलपासून बोटाने मागे मोजत गेली. 5 एप्रिल, 29 मार्च, 22 मार्च हे तीन रविवार वगळले. मधे कंपनीच्या यादीतली दुसरी सुट्टी नव्हती. पंधरावा दिवस 21 मार्चला, शनिवारी येत होता. साध्या दिवसांनी मोजलं असतं तर 24 तारखेपर्यंत वेळ आहे असं वाटलं असतं, आणि अर्ज मुदत उलटल्यावर गेला असता. आज 16 मार्च होता.

"आता लिही," काका म्हणाले. "विभागप्रमुख पहिला प्रश्न कोणता विचारतील, तेवढा मनात धर."

प्रश्न काय असणार, हे मेघनाला ठाऊक होतं. जीएसटीआर-1 भरायची मुदत दर महिन्याच्या 11 तारखेला संपते, म्हणजे नेमकी लग्नाच्या दिवशी. तिने शेजारच्या टेबलावरच्या संदीपशी बोलून घेतलं आणि अर्ज नव्याने लिहिला. बहिणीच्या लग्नासाठी 8 ते 11 एप्रिल, चार दिवस रजा. हा काळ रजाबंदीबाहेरचा आहे. मार्चच्या विक्री बिलांचा ताळा 7 तारखेपर्यंत पूर्ण करून देते, विवरणपत्र संदीप भरतील, त्यांची संमती आहे.

अर्ज त्याच संध्याकाळी नोंदला गेला. साहेबांनी शिफारस करून पुढे पाठवला. विभागप्रमुख गुरुवारपर्यंत दौऱ्यावर होते, त्यामुळे पडद्यावर तीन दिवस 'प्रलंबित' दिसत राहिलं. त्या तीन दिवसांत मेघनाने तिकीट काढलं नाही. शुक्रवारी सकाळी त्यांनी संदीपला बोलावून एवढंच विचारलं, "तुम्हाला जमेल ना?"

दुपारी मंजुरी आली. मेघनाने आईला फोन लावला. "आई, बुधवारी निघते. हळद कुटायला मी येईपर्यंत थांबा."