सोळा बिटांची वाटणी

डोलवीच्या पोलाद कारखान्याचा लँडलाइन फिरवायचा तर आधी पेणचा कोड लागतो, ०२१४३. सुरुवातीचा शून्य सोडला तर कोड चार आकडी आणि स्थानिक क्रमांक सहा आकडी. मुंबईचा कोड मात्र फक्त २२, पुढे आठ आकडे. दोन्हीकडे बेरीज दहाच. हे जमतं, कारण २२ मुंबईला दिल्यावर २२ने सुरू होणारा चार आकडी कोड कुणालाच मिळत नाही. उद्या २१ एखाद्या महानगराला दिला, तर पेणचा २१४३ आणि रोह्याचा २१९४ दोन्ही गेलेच.

संगणकाची सूचना आखणाऱ्यापुढे हाच पेच असतो. समजा, सूचना १६ बिटांची आणि प्रत्येक पत्ता ६ बिटांचा. दोन पत्त्यांना १२ बिट गेले की काय करायचं ते सांगायला, म्हणजे ऑपकोडला, चारच उरतात. एकाच पत्त्याच्या सूचनेत ऑपकोड दहा बिटांचा होतो आणि बिनपत्त्याच्या सूचनेत सगळे सोळा बिट त्याचेच.

मागणी अशी धरू: दोन पत्त्यांच्या १४ सूचना, एका पत्त्याच्या १०० आणि बिनपत्त्याच्या १०००. चार बिटांचे १६ नमुने होतात. ०००० ते ११०१ हे चौदा दोन पत्त्यांना दिले की १११० आणि ११११ उरतात. त्या प्रत्येकाला पुढचे सहा बिट जोडले की ६४ जागा, दोहोंच्या मिळून १२८. शंभर वापरल्या, २८ राहिल्या. त्या प्रत्येकीच्या पुन्हा ६४, म्हणजे १७९२. हजार सूचना आरामात बसतात.

आता कुणी म्हणालं, दोन पत्त्यांची अजून एकच वाढवा. मग ११११ एकटा उरतो, त्यात ६४च जागा आणि मागणी शंभरची. ती एक सूचना ४०९६ बिनपत्त्याच्या सूचनांची जागा खाते, हे नमुने मांडण्याआधीच हिशेबात दिसतं: १४ × ४०९६ + १०० × ६४ + १००० = ६४७४४, आणि एकूण नमुने ६५५३६. चौदाच्या जागी पंधरा घातले की बेरीज त्याच्या वर जाते.

१९७०मध्ये आलेल्या पीडीपी-११ यंत्रात ही ओढाताण उघड दिसते. तिथेही १६ बिट आणि सहा बिटांचे पत्ते. `MOV`, `CMP` अशा पाच सूचनांची शब्दासाठी एक आणि बाइटसाठी एक अशी जोडी आहे. दोन्ही रूपांत वरचा एकच बिट वेगळा. `ADD`ला मात्र बाइटची जोडीदार नाही. तिच्या जागेवर `SUB` बसवली आहे. गुणाकाराची `MUL` आली तेव्हा दोन पूर्ण पत्त्यांइतकी जागा तिच्या वाट्याला आली नाही. तिचा एक पत्ता सहा बिटांचा, दुसऱ्याच्या जागी फक्त तीन बिटांचा रजिस्टर क्रमांक. त्यामुळे गुणाकाराचं उत्तर थेट मेमरीत ठेवता येत नाही, त्यासाठी आणखी एक `MOV` लिहावी लागते.