दहावा क्रमांक

पूर्णा जंक्शनवर परभणी, नांदेड आणि अकोला अशा तीन दिशांच्या गाड्या येतात. या गाड्यांचे व्हिडिओ करणाऱ्या तुमच्यासारख्याला यूट्यूब स्टुडिओत ताज्या व्हिडिओपुढे ‘दहापैकी दहावा’ दिसला, की पोटात गोळा येणे स्वाभाविक आहे. पण हा क्रमांक फक्त शेवटच्या दहा व्हिडिओंतला असतो, आणि दहांत कुणीतरी शेवटचा असणारच. तुमच्या कामात काहीच बदललेले नसले, तरी ताजा व्हिडिओ तळाला जाण्याची शक्यता दहात एक आहे. म्हणजे आठवड्याला एक व्हिडिओ टाकणाऱ्याला वर्षातून पाचेक वेळा हा धक्का बसायचाच. आता आकडे मांडून पाहू. समजा, आधीच्या नऊ व्हिडिओंना पहिल्या आठवड्यात ९००, १४००, ७००, ११००, ६२००, १०००, ८००, १३०० आणि ९५० व्ह्यूज मिळाले, आणि ताज्याला ६२०. नऊंची सरासरी जवळपास १६०० येते आणि ६२० म्हणजे घसरगुंडी वाटते. पण ती सरासरी त्या एकट्या ६२०० ने वर ओढलेली आहे. आकडे चढत्या क्रमाने लावले तर मधला आकडा १००० येतो. तुमचा नेहमीचा व्हिडिओ हा आहे, आणि ७०० तर तुम्ही पूर्वीही पाहिलेले आहेत. ६२०० च्या शेजारी उभे केले, की तुमचे कुठलेही चांगले काम खुजेच दिसेल. ती तुलनाच सोडा.

यावर तुम्ही म्हणाल, घसरण खरीच असेल आणि मी तिला योगायोग समजत बसलो तर? शंका रास्त आहे. एका व्हिडिओवरून तिचे उत्तर मिळत नाही, तीन व्हिडिओंवरून बरेचसे मिळते. सलग तीन नवे व्हिडिओ दहांतले सर्वांत खालचे तीन ठरणे निव्वळ योगायोगाने १२० वेळांत एकदाच घडते. (परीक्षा किंवा सणासुदीचे दिवस सगळ्यांनाच एकदम खाली ओढतात, तेव्हा हा हिशेब सैल पडतो.) तोवर व्ह्यूजचा आकडा फोडून पाहा. थंबनेल २०,००० वेळा दिसले आणि शंभरातल्या पाचांनी क्लिक केले, तर त्यातून १००० व्ह्यूज येतात. १२,४०० वेळाच दिसले आणि क्लिकचे प्रमाण तेच राहिले, तर ६२०. दुसऱ्या वेळी लोकांनी तुम्हाला नाकारलेले नसते, व्हिडिओ कमी जणांसमोर गेलेला असतो. मात्र क्लिकचे प्रमाण पाचावरून तिनावर आले असेल, तर थंबनेल आणि शीर्षक तपासा. पहिल्या अर्ध्या मिनिटातच नेहमीपेक्षा जास्त माणसे सोडून जात असतील, तर सुरुवात लांबली आहे. दोष शोधायचा तो इथे. व्ह्यूजच्या एकट्या आकड्यातून तो कळत नाही.

म्हणून तो व्हिडिओ काढून टाकू नका आणि विषयही बदलू नका. आणखी दोन टाका, मग वही उघडून तिन्हींचे आकडे शेजारी शेजारी लिहा.