नाव न घेता

मी अकरा वर्षांचा असताना आजीबरोबर पेन्शनच्या खिडकीशी उभा होतो. आजोबा जाऊन दोन महिने झाले होते. कारकुनाने फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, "मयताचं नाव?" आजी गप्प. त्याने पुन्हा, जरा मोठ्याने विचारलं. आजीने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खिडकीसमोर केलं आणि म्हणाली, "ह्याचंच नाव लिहा." तिला ऐकू येत नसावं, असं त्याला वाटलं. शेवटी मी माझं नाव सांगितलं आणि ते त्याने मयताच्या रकान्यात लिहून घेतलं.

मला आजोबांचं नाव ठेवलं होतं. त्यामुळे घरात मला त्या नावाने कुणी हाक मारणंच शक्य नव्हतं. आजीच्या दृष्टीने ते नवऱ्याचं नाव, आईच्या दृष्टीने सासऱ्यांचं. उद्या मला रागावायची वेळ आली तर सासऱ्यांच्या नावाने कसं ओरडायचं? म्हणून मी 'बाळ' झालो. माझं खरं नाव पहिल्यांदा कानावर पडलं ते शाळेतल्या हजेरीत. नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं आणि ते कुणी घ्यायचं नाही, या दोन चाली एकाच घरात नांदायच्या तर हाक मारायला दुसरं नाव लागणारच. बापू, नाना, तात्या, अण्णा, आबा अशी हाकेची नावं आपल्याकडे इतकी का, याचं निदान एक कारण या अडचणीत आहे.

आजीचा नियम नावापुरता थांबत नव्हता. तिच्या सासऱ्यांच्या नावात 'सोम' होता, म्हणून सोमवार तिच्या तोंडी कधी आला नाही. ती म्हणायची, 'महादेवाचा वार'. लहानपणी मला वाटे की ती भाविक आहे म्हणून असं म्हणते. ती भाविक होतीच, पण मंगळवारला ती कधी गणपतीचा वार म्हणाली नाही.

नवऱ्यासाठीचे शब्द तर घराघराप्रमाणे बदलत. शेतकरी घरांत धनी, मालक, कारभारी. इतरत्र 'आमचे हे', 'घरचे', 'बाळाचे बाबा'. पण मला सर्वांत विलक्षण वाटतो तो 'इकडून'चा प्रयोग. 'इकडून येणं कधी झालं?' 'इकडची स्वारी जेवली का?' या वाक्यांत माणूस सापडत नाही. त्याच्या जागी एक दिशा आहे आणि क्रियापदाचं नाम झालं आहे. 'तुम्ही कधी आलात' यात कर्ता लागतो. 'येणं झालं' म्हटलं की कर्त्याचं कामच उरत नाही. नाव टाळायला सर्वनाम पुरलं असतं. इथे सर्वनामसुद्धा टाळलं आहे आणि त्यासाठी वाक्याची अख्खी घडण फिरवली आहे. ज्या बायकांना अक्षरओळख करून देणं गरजेचं मानलं गेलं नाही, त्या रोज व्याकरणातली इतकी अवघड कसरत सहज करत होत्या.

शिकलेल्या बायका लिहू लागल्या तेव्हा हीच अडचण कागदावर आली. रमाबाई रानड्यांनी 1910 साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात न्यायमूर्ती रानड्यांसाठी त्या 'स्वतः' हा शब्द वापरतात. अनोळखी वाचक प्रथम गोंधळतो, बाई स्वतःबद्दल बोलत आहेत की काय! पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिताना लक्ष्मीबाई टिळक सरळ 'टिळक' म्हणतात. आडनाव म्हणजे घराचं नाव. ते घेतलं तर नवऱ्याचं नाव घेतल्यासारखं होत नाही आणि त्यांच्यावर मोकळेपणाने टीकाही करता येते.

हे सगळं कशासाठी? आदर, असं उत्तर पटकन मिळतं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शिष्याने गुरूचं नाव त्याच्या माघारीही नुसतं, मानाच्या शब्दाशिवाय उच्चारू नये असं सांगितलं आहे. दुसरं उत्तर भीतीचं: नाव घेतलं की त्या माणसाचं आयुष्य घटतं. रात्री सापाला 'जनावर' किंवा 'लांबडं' म्हणतात, त्याच्या मागेही नावाने ओढ लागते हीच समजूत आहे. एक जुना संस्कृत श्लोक तर पुरुषालाही स्वतःचं, गुरूचं, थोरल्या अपत्याचं आणि बायकोचं नाव घेऊ नको असं बजावतो. त्याचा आधार घेऊन काही जण म्हणतात की नियम दोघांनाही सारखाच होता.

मला हे पटत नाही. भीतीचं कारण खरं असेल तर नवरा गेल्यावर बाईची जीभ मोकळी व्हायला हवी. आता कुणाचं आयुष्य घटायचं? पण त्या खिडकीशी आजी मोकळी झाली नव्हती. आणि दोघांना सारखं बंधन म्हणावं, तर लग्नातलं ताट आठवा. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने त्यावर बायकोचं नवं नाव लिहायचा. माहेरची यमुना रानड्यांच्या घरी रमा झाली, मनकर्णिका गोखले लक्ष्मीबाई टिळक झाल्या. तिचं नाव त्याने बदलायचं आणि त्याचं नाव तिने उच्चारायचंही नाही, याला केवळ आदर म्हणता येत नाही. आदर मला कळतो. मी वडिलांना आजही नावाने हाक मारणार नाही. पण वडिलांनी माझं नाव पुसलेलं नाही.

नाव घेण्याची एक वाट मात्र समाजाने ठेवली होती, उखाण्याची. गृहप्रवेशाला नणंद दार अडवते, मंगळागौरीला, डोहाळजेवणाला बाया आग्रह धरतात आणि मग यमकाच्या आडोशाने, चांदीचं ताट नाहीतर दारची तुळस पुढे करून, शेवटच्या चरणात ते नाव येतं. आपण याला 'नाव घेणं' म्हणतो, ते अगदी नेमकं आहे. एरवी जे घ्यायचं नाही ते चार बायकांच्या साक्षीने एकदा हातात घ्यायचं. आता हे समारंभ कुणाचे ते पाहा. सगळे सवाष्णींचे. कुंकू पुसलेल्या बाईला तिथे बोलावणं नाही. म्हणजे नवरा गेला त्या दिवशी त्याच्या नावाचं ते एकुलतं दारही बंद झालं.

स्वतःचं नाव परक्याला न सांगण्याची चालही याच कुळातली. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर भारतात लाखो बायकांनी मतदारयादीत 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं. आयोगाने ते मानलं नाही आणि सुमारे 28 लाख बायकांची नोंद यादीतून गळाली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांचा निर्णय कडक होता, पण मला तो योग्य वाटतो. मत देणारी बाई कुणाची कोण नव्हे, तर कोण, हे तिने सांगायला हवं होतं.

माझी बहीण नवऱ्याला नावाने हाक मारते, 'अरे'सुद्धा म्हणते. सासूबाई समोर असल्या की त्याच वाक्यात 'अहो' येतं. तिच्या मैत्रिणींमध्ये तर 'माझे अहो' असं नामच झालं आहे. बऱ्याच जणी ते लाडाने, हौसेने म्हणतात. ज्या शब्दाऐवजी दुसरा शब्द सहज वापरता येतो त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आजीच्या जुन्या पेटीत तिच्या लग्नाची पत्रिका सापडली. आजोबांच्या नावावर हळदीचं बोट उमटलेलं होतं. शेजारी तिचं माहेरचं नाव छापलेलं. ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. घरात कुणीच ऐकलं नव्हतं.